नेव्ही ब्लूचे बारा दिवस

प्रवेशाचे दिवस जवळ आले की या सदराकडे ठरावीक प्रश्न येतात. या वेळी तीन-चार घरांतून एकच विचारणा झाली, तीही जरा काळजीच्या सुरात. मुलीला किंवा मुलाला तयार कपड्यांच्या क्षेत्रात जायचे आहे. कोणी ‘मर्चंडायझिंग’ म्हणते, कोणी ‘प्रॉडक्शन’. आजोबांचे म्हणणे असे, की आपण इंदूरचे लोक, हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली तेव्हा काय झाले ते डोळ्यांनी पाहिले. पुन्हा त्याच धंद्यात पोरांना कशाला घालायचे?

आजोबांची भीती खोटी नाही, पण मिल आणि तयार कपड्यांचा कारखाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिलमध्ये कापसाचे सूत आणि सुताचे कापड होते. तिथे भांडवल यंत्रात अडकलेले असते. कपड्याच्या कारखान्यात कापड आत येते आणि शर्ट बाहेर जातो. तिथे यंत्र म्हणजे शिलाई मशीन, आणि खरे काम माणसाच्या हाताचे. कापूस पिंजणे, सूत कातणे यंत्राला जमले. मऊ, सरकणारे कापड हातात धरून वळणावर शिवणे अजून पुरते जमलेले नाही. म्हणूनच हा धंदा जिथे हात मिळतात आणि आयातकर कमी लागतो तिकडे सरकत राहतो. मिलसारखा तो एका शहरात शंभर वर्षे रुतून बसत नाही. हे आधी माहीत असलेले बरे.

मर्चंडायझर काय करतो आणि प्रॉडक्शन मॅनेजर काय करतो, हे व्याख्या देऊन सांगण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा एक ऑर्डर सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहू. आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत, पण कारखान्यात ते साधारण असेच चालतात.

युरोपातल्या एका दुकानदार कंपनीने, म्हणजे धंद्याच्या भाषेत बायरने, 24,000 पोलो टी-शर्टची ऑर्डर दिली. कॉलरवाला, गळ्याशी दोन बटणांची पट्टी असलेला सुती टी-शर्ट. तीन रंग: पांढरा, लाल आणि नेव्ही ब्लू, प्रत्येकी 8,000. ऑर्डर पक्की झाली 1 जूनला, आणि माल कारखान्याच्या दारातून निघायची तारीख 30 ऑगस्ट. म्हणजे हातात 90 दिवस. भाव नगामागे 480 रुपये. हा भाव एफओबी, म्हणजे बंदरात जहाजावर माल चढेपर्यंतचा खर्च कारखान्याचा, पुढचा बायरचा. सगळे सुरळीत झाले तर नगामागे साधारण 38 रुपये सुटतात. पूर्ण ऑर्डरवर नऊ लाख बारा हजार. हा आकडा लक्षात ठेवा.

ही ऑर्डर ज्याच्या टेबलावर येते तो मर्चंडायझर. नाव ऐकून दुकानातला विक्रेता डोळ्यांपुढे येतो, पण तो विक्रेता नाही. घरच्या लग्नात सगळ्यांशी बोलून, सगळ्यांच्या मागे लागून वेळेवर अक्षता पडतील हे पाहणारा एक काका असतो ना, तसे हे काम आहे. बायरने पाठवलेल्या कागदात मापे, कापडाचे वजन, शिवण, लेबल, बटण, पिशवी असे सगळे लिहिलेले असते. मर्चंडायझर ते वाचतो, नगामागे कापड किती लागेल ते काढतो, सूत, बटणे, लेबले मागवतो, नमुने शिवून घेतो आणि प्रत्येक गोष्टीला बायरचा होकार मिळवतो. पहिल्याच दिवशी तो एक वेळापत्रक मांडतो, आणि ते मांडतो शेवटून सुरुवातीकडे.

आपणही तसेच मांडू. 30 ऑगस्टला ट्रक निघायचा, तर बायरच्या माणसाची अंतिम तपासणी 27 ला व्हायला हवी. त्याआधी इस्त्री, घडी, पॅकिंग. म्हणजे शिलाई 25 ऑगस्टला संपली पाहिजे. शिलाईला किती दिवस लागतील, हे मर्चंडायझरला सांगतो प्रॉडक्शन विभाग. त्याचे गणित पुढे येतेच, तूर्तास उत्तर घेऊ: दोन लाइनवर कामाचे 17 दिवस. तीन रविवार आणि 15 ऑगस्ट सोडले तर शिलाई 5 ऑगस्टला सुरू करावी लागते. त्याआधी चार-पाच दिवस कटिंगचे. विणलेले होजिअरी कापड रोलमधून काढून एक दिवस सैल ठेवावे लागते, नाहीतर कापल्यावर आकसते आणि मापे चुकतात. तेव्हा कापड 28 जुलैला कारखान्यात पाहिजे. साडेसहा-सात टन कापड रंगवून, सुकवून, तपासून यायला सुमारे तीन आठवडे. सूत मागवून पांढरे-करडे कच्चे कापड आधी विणून ठेवता येते, पण रंगाला बायरचा होकार आल्याशिवाय ते रंगाच्या भांड्यात जात नाही. म्हणजे तिन्ही रंगांना होकार मिळायची शेवटची तारीख 5 जुलै.

1 जूनला वाटले होते 90 दिवस आहेत. प्रत्यक्षात रंगासाठी पाच आठवडे होते.

रंगाचा होकार मिळवण्याची रीत अशी. बायर आपल्या रंगाचा तुकडा पाठवतो. रंगशाळेतली प्रयोगशाळा त्याच सुताच्या कापडावर तीन-चार छटा काढते. याला लॅब डिप म्हणतात. हे तुकडे कुरिअरने परदेशी जातात. तिकडे ते एका पेटीत ठेवून निरनिराळ्या दिव्यांखाली पाहतात, कारण उन्हात जुळणारे दोन निळे दुकानाच्या ट्यूबखाली वेगळे दिसू शकतात. नेव्हीसारख्या गडद रंगात हे फार होते. एकात किंचित तांबूस झाक, दुसऱ्यात किंचित हिरवट. साडीवर ब्लाउजपीस जुळवायला ते दुकानाबाहेर उजेडात नेणाऱ्या बायकांना हे वेगळे शिकवावे लागत नाही.

आपल्या ऑर्डरचे तुकडे 14 जूनला बायरकडे पोचले. आठवड्यात, म्हणजे 21 जूनपर्यंत उत्तर अपेक्षित होते. एकदा नापसंती आली तरी चालेल म्हणून दुसऱ्या फेरीचे चौदा दिवस मर्चंडायझरने धरलेलेच होते. 21 आणि 14, बरोबर 5 जुलै. पांढरा आणि लाल वेळेत पास झाले. नेव्हीचे उत्तरच येईना. तिकडची रंग पाहणारी बाई उन्हाळी सुटीवर. उत्तर आले 3 जुलैला: ‘छटा थोडी तांबूस, पुन्हा पाठवा.’ दुसऱ्या फेरीत रंग पास झाला 17 जुलैला. बारा दिवस गेले.

मर्चंडायझर चांगला की सुमार, हे आता ठरते, आणि ते 17 जुलैला नाही, 22 जूनलाच. सुमार मर्चंडायझर वाट पाहतो. आज येईल, उद्या येईल, बायरला कशाला दुखवा. चांगला मर्चंडायझर 22 जूनला सकाळी दोन गोष्टी करतो. बायरला चार ओळींची ई-मेल लिहितो: नेव्हीचे तुकडे तुम्हाला 14 ला मिळाले, 21 ला उत्तर अपेक्षित होते, आजपासून जितके दिवस उशीर होईल तितके दिवस नेव्हीची तारीख पुढे जाईल. भांडण नाही, विनंती नाही, फक्त नोंद. मग उठून शिलाई विभागात जातो आणि प्रॉडक्शन मॅनेजरला सांगतो, की नेव्ही मागे राहील असे धरून चला. इंग्रजी किती फर्डे आहे, फॅशनची नजर किती आहे, यांपेक्षा माझ्या मते या कामात ही एक सवय जास्त पगार मिळवून देते. ज्याला अप्रिय गोष्ट वेळेवर लिहिता येत नाही त्याने या खुर्चीच्या वाट्याला जाऊ नये.

आता शिलाई विभागात जाऊ. इथला माणूस मिनिटांत विचार करतो. एक पोलो शिवायला प्रमाणित वेळ किती, हे प्रत्येक शिवणीचे मोजमाप करून काढतात. आपल्या पोलोचा वेळ 12 मिनिटे धरू. एका लाइनवर 40 कारागीर, प्रत्येकी 480 मिनिटे, म्हणजे दिवसाला 19,200 मिनिटे. त्याला 12 ने भागले की 1,600 नग. पण ते कागदावर. धागा तुटतो, सुई मोडते, बंडल वेळेवर येत नाही, माणूस पाणी प्यायला उठतो. निम्मी कार्यक्षमता धरली तर दिवसाला 800, तासाला 100. आणि हा आकडाही पहिल्या दिवशी येत नाही. नवी शिवण हाताला बसेपर्यंत पहिल्या दिवशी 320, दुसऱ्या दिवशी 480, तिसऱ्या दिवशी 640, आणि मग कुठे 800. एका लाइनच्या वाट्याला 12,000 नग. पहिल्या तीन दिवसांत 1,440 निघाले, उरलेल्यांना तेरा दिवस आणि वर थोडे. हेच ते 17 दिवस.

या गणितात निर्यातीचे एक मोठे गुपित दडलेले आहे. 24,000 नगांच्या ऑर्डरमध्ये हात बसायला गेलेला वेळ जेमतेम दिवसभराचा. हीच ऑर्डर 3,000 नगांची असती आणि एका लाइनवर घेतली असती, तर पावणेचार दिवसांचे काम पाच दिवसांवर गेले असते. बांगलादेशाला सर्वात कमी विकसित देश म्हणून युरोपात आयातकराची माफी मिळत आली, त्यामुळे एकाच नमुन्याच्या प्रचंड ऑर्डरी तिकडे गेल्या. आपल्याकडे छोट्या, नक्षी-भरतकामाच्या, सतत बदलणाऱ्या ऑर्डरी जास्त. त्यामुळे आपल्या प्रॉडक्शन मॅनेजरचे आयुष्य लाइन बदलण्यातच जाते. जो दोन दिवसांऐवजी एका दिवसात लाइन बदलून दाखवतो त्याला कारखाने शोधत येतात. हे बसवण्याचे काम करणाऱ्याला इंडस्ट्रिअल इंजिनिअर म्हणतात, आणि मॅनेजर होण्याचा तो सध्याचा सगळ्यात सरळ रस्ता आहे.

लाइन बसवणे म्हणजे काय तेही पाहा. पोलोमध्ये सगळ्यात नाजूक शिवण गळ्याच्या पट्टीची. चांगला कारागीर तासाला 50 पट्ट्या लावतो. लाइनला तासाला 100 हव्यात, तर त्या जागी दोघे लागतात. त्यांतला एक सोमवारी आला नाही की बाकीचे 38 जण कितीही झपाट्याने शिवोत, बाहेर 50 च नग पडतात. हे ओळखायला संगणक लागत नाही. लाइनच्या कडेने चालत जावे. ज्या मशीनपुढे बंडलांचा ढीग आणि पुढच्या मशीनवर रिकामे हात, तिथे अडले आहे. चांगला मॅनेजर दर तासाला फळ्यावरचा आकडा पाहतो, संध्याकाळची वाट पाहत नाही. आणि त्याच्याकडे ती पट्टी लावू शकणारा तिसरा माणूस कोण, याचे उत्तर तयार असते. सणानंतर गावाहून परत न आलेल्या कारागिरांची संख्या हा या धंद्याचा कायमचा घोर आहे.

आपल्या ऑर्डरकडे परत येऊ. मॅनेजरला 22 जूनलाच कळले होते, म्हणून त्याने दोन्ही लाइनवर आधी पांढरा आणि लाल लावला. त्यांचे 16,000 नग संपायला अकरा-बारा दिवस, म्हणजे नेव्हीची गरज 19 ऑगस्टच्या आसपास. नेव्हीचे कापड बारा दिवस उशिरा, 9 ऑगस्टला आले तरी कटिंगला वेळ होता. हरवलेले बारा दिवस नुसत्या क्रमाने भरून निघाले. कळले नसते आणि एक लाइन नेव्हीसाठी राखून ठेवली असती, तर 40 माणसे हात बांधून बसली असती.

पण उशिराने राखीव दिवस खाल्ले, ते परत आले नाहीत. 11 ऑगस्टला नेव्हीचे कापड आणि नेव्हीच्या कॉलर शेजारी ठेवून पेटीत पाहिल्या. उन्हाच्या उजेडात जुळत होत्या, दुकानाच्या दिव्याखाली कॉलर तांबूस. पोलोच्या कॉलर वेगळ्या यंत्रावर विणल्या जातात, सुताचा पीळ आणि वीण वेगळी, त्यामुळे तोच रंग त्यांवर वेगळा चढतो. कापड आणि कॉलर एकाच भांड्यात एकत्र रंगवून घ्याव्यात हा नियम घाईत मोडला गेला होता. कॉलर नव्याने विणून, रंगवून यायला दोन आठवडे. 25 ऑगस्ट. दोन लाइनवर 8,000 नगांना पाच दिवस, मग पॅकिंग, तपासणी. 4 सप्टेंबर उजाडला. पांढरा आणि लाल ठरल्या दिवशी गेले, नेव्ही मागे राहिला. दरम्यान त्या आठवड्यात लाइन रिकाम्या ठेवता येत नाहीत, म्हणून मॅनेजरने मध्ये दुसरी ऑर्डर घुसवली, आणि हात बसण्याचे ते पहिले तीन दिवस पुन्हा सोसले.

बायर म्हणाला, तिन्ही रंग एकाच दिवशी दुकानात लागायचे आहेत, नेव्ही विमानाने पाठवा. खोक्यासकट नगाचे वजन 300 ग्रॅम धरले तर 2,400 किलो. विमानाचे भाडे हंगामाप्रमाणे बरेच वरखाली होते. किलोला 280 रुपये धरले तरी सहा लाख बहात्तर हजार. नगामागे 84 रुपये, जिथे नफा 38 चा होता. म्हणजे एका रंगाने तिन्ही रंगांचा तीन चतुर्थांश नफा खाल्ला असता. असता म्हणतो, कारण आता 22 जूनची ती ई-मेल कामाला येते. कॉलरची चूक कारखान्याची हे खरेच, पण आधीचे बारा दिवस बायरकडे गेले हेही लेखी आहे. अशा वेळी बहुधा भाडे निम्मे-निम्मे होते. चार ओळींची किंमत तीन लाख छत्तीस हजार.

तपासणीबद्दल एक वाक्य, कारण क्वालिटी विभागातही पुष्कळ मुले जातात. 24,000 नगांतून 315 नग उचलून पाहतात, आणि नेहमीच्या 2.5 च्या पातळीवर मोठे दोष 14 पर्यंत निघाले तर माल पास, पंधरावा निघाला की सगळा माल परत उघडायचा.

निर्यातीचा परिणाम पगारापेक्षा घड्याळावर आधी दिसतो. युरोपची ई-मेल दुपारी येऊ लागते, अमेरिकेची रात्री. आपले सुती कपडे तिकडच्या वसंत-उन्हाळ्यासाठी जास्त जातात, म्हणून कारखान्यात हिवाळाभर गर्दी. लग्नसराईत रजा मागितली की मॅनेजरचा चेहरा पाहावा! आणि ज्याचा सगळा माल एकाच देशात जातो त्याची नोकरीही त्या देशाच्या कागदावर टांगलेली असते. ऑगस्ट 2025 च्या अखेरीस अमेरिकेने बहुतेक भारतीय मालावरचा जादा आयातकर 50 टक्क्यांवर नेला, तेव्हा अमेरिकेवरच उभे असलेले कारखाने एका आठवड्यात चिंतेत पडले. आजोबांना हे जरूर सांगा. त्यांची भीती इथे लागू पडते.

शिक्षणाचे थोडक्यात. बारावीला गणित असेल आणि कारखान्याच्या मजल्यावर उभे राहायची तयारी असेल, तर निफ्टचा अ‍ॅपरल प्रॉडक्शनचा फॅशन टेक्नॉलॉजी पदवी अभ्यासक्रम पाहावा. कोणत्याही शाखेची पदवी झाल्यावर मर्चंडायझिंगकडे यायचे असेल तर त्यांचाच फॅशन मॅनेजमेंटचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. निफ्टची केंद्रे भोपाळ, गांधीनगर, हैदराबाद, मुंबई इथे आहेत, त्यामुळे आपल्या बहुतेक मंडळांना एखादे तरी जवळ पडते. कापडाच्या बाजूने जायचे तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात आणि इचलकरंजीच्या डीकेटीईमध्ये टेक्स्टाइल इंजिनिअरिंग आहे. बेळगावकरांना इचलकरंजी हाकेच्या अंतरावर. एवढा वेळ किंवा पैसा नसेल तर एटीडीसीची छोट्या मुदतीची केंद्रे आहेत. तिथून सुपरवायझर म्हणून शिरलेली माणसे पुढे मजल्याची प्रमुख झालेली मी पाहिली आहेत. मात्र सुरुवातीचा पगार संगणकवाल्या मित्रांपेक्षा कमीच असतो, हे घरात आधी बोलून घ्या.

मुलगा किंवा मुलगी मुलाखतीला जाणार असेल, तर पिथमपूर असो वा तिरुप्पूर, शक्यतो शिलाईचा मजला दाखवायला सांगा. तासातासाचा फळा भरलेला आहे की सकाळच्या दोन ओळींनंतर कोरा आहे ते पाहा. आणि मर्चंडायझिंगची मुलाखत असेल तर शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का’ असे म्हणतात तेव्हा विचारावे: गेल्या सहा महिन्यांत किती शिपमेंट विमानाने गेल्या, आणि भाडे कोणी भरले?